शेवटची आठ मिनिटं: पाचवीतल्या अपूर्णांकाच्या एका तासिकेचं प्रकरण

पाचवीचा वर्ग, पट ३६, गणिताची तासिका ११:४० ते १२:२०. पाठ भिन्नछेद अपूर्णांकांच्या तुलनेचा: २/३ मोठा की ३/४? टाचण नीट लिहिलेलं होतं, साहित्य तयार होतं, मुलं कामात रमली होती. तरीही घंटा झाली तेव्हा वर्गातल्या किती मुलांना तुलना जमते हे बाईंना सांगता आलं नसतं. ते पाहण्यासाठी राखलेली पाच मिनिटं तोवर दुसरीकडे खर्च झाली होती.

हे प्रकरण कुठल्या एका शाळेचं नाही. मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एका वर्गात आणून ते मांडलं आहे आणि आकडे नमुन्याचे आहेत. पण मिनिटामिनिटाचा हिशेब मांडल्याशिवाय वेळ कुठे सांडला ते कळत नाही, म्हणून तो दिला आहे.

टाचणात काय होतं, वर्गात काय झालं

टाचणातली विभागणी अशी होती: उजळणी ५ मिनिटं, सूचना आणि साहित्यवाटप ३, पट्ट्यांची कृती १२, गटांचं सादरीकरण ८, नियम फळ्यावर आणि वहीत ५, पडताळणी ५, गृहपाठ २. बेरीज बरोबर ४०. या बरोबर चाळीसमध्येच पहिली चूक आहे, कारण चाळीस मिनिटांची तासिका वर्गात चाळीस मिनिटं कधीच मिळत नाही. आधीच्या सरांचा फळा पुसायचा असतो, मुलं पाणी पिऊन येतात, वह्या बदलतात. त्या दिवशी पहिला प्रश्न विचारला गेला तेव्हा ११:४४ झाले होते.

उजळणीत सममूल्य अपूर्णांक होते. २/३ बरोबर किती सहांश, हे एकाला सांगता आलं नाही. बाईंनी त्याला फळ्याजवळ बोलावलं आणि समजावून सांगितलं. ते योग्यच होतं, पण पाचाची आठ मिनिटं झाली. नंतर पट्ट्या वाटल्या. चार-चार मुलांचे नऊ गट, प्रत्येक गटाला २४ सेंटिमीटर लांबीच्या दोन कोऱ्या पट्ट्या. बाकं फिरवून गट करायलाच वेळ गेला, तीनाची सहा झाली. कृती सुरू झाली ११:५८ला.

कृतीत एका पट्टीचे तीन आणि दुसरीचे चार समान भाग घडी घालून करायचे होते. चार भाग सोपे: अर्ध्यावर घडी, पुन्हा अर्ध्यावर घडी. तीन भागांना असा आधार नसतो. मूल अंदाजाने एक घडी घालतं, दुसरी घालतं आणि तिसरा भाग बोटभर आखूड उरतो. मग घडी मोडून नव्याने घालायची. तिसऱ्या खेपेला पट्टीवर इतक्या सुरकुत्या असतात की खरी घडी कुठली हेच दिसत नाही, आणि मग मूल म्हणतं, ‘बाई, दुसरी पट्टी द्या ना.’ पट्टीचे तीन भाग कसे करायचे यातच बहुतेक गटांची आठ-नऊ मिनिटं गेली. दोन गट मागे राहिले म्हणून कृती थांबवली नाही. बाराची सतरा मिनिटं झाली आणि घड्याळात १२:१५ वाजले.

उरली पाच मिनिटं, आणि टाचणात अजून वीस मिनिटांचं काम शिल्लक. दोन गटांनी पट्ट्या दाखवून सांगितलं की ३/४ मोठा. बाईंनी समच्छेद करायची रीत फळ्यावर भराभर लिहिली आणि विचारलं, ‘समजलं का सगळ्यांना?’ सगळा वर्ग म्हणाला, ‘हो बाई.’ घंटा झाली.

नुकसान कुठे दिसलं

गृहपाठ पुस्तकातला होता आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक वह्यांत उत्तरं बरोबर होती. त्यामुळे टाचणानुसार बेरीज सुरू झाली. अर्ध्या तासाने १/२ आणि १/३ यांची बेरीज विचारली, तेव्हा जवळजवळ निम्म्या वर्गाने २/५ लिहिलं: अंशात अंश मिळवला, छेदात छेद.

ही चूक सगळीकडे होते आणि एरवी ती बेरजेची चूक म्हणून दुरुस्त केली जाते. पण बाईंनी पुढचा प्रश्न विचारला, ‘२/५ मोठा की १/२?’ आणि खरी गोष्ट उघड झाली. २/५ हा अर्ध्यापेक्षा लहान आहे. अर्ध्यात काही मिळवलं तर उत्तर अर्ध्याहून कमी येईलच कसं? ज्याला तुलना येते त्याला हे खटकतं, तो थांबतो आणि उत्तर पुन्हा तपासतो. या मुलांना काहीच खटकलं नाही. काही म्हणाली २/५ मोठा, कारण आकडे मोठे. म्हणजे घोटाळा कालच्या पाठातला होता. काल न घेतलेल्या पडताळणीत तो पाच मिनिटांत दिसला असता. आता तो बेरजेच्या खाली दबला होता आणि दोन्ही गोष्टी एकदम सोडवायच्या होत्या.

पडताळणीच का कापली जाते

पाठ लांबतो तेव्हा सगळे भाग सारखे कापले जात नाहीत. कापला जातो तो शेवटी असलेला भाग, आणि टाचणात पडताळणी नेहमी शेवटी असते. ही रचना जुनी आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या अनुयायांनी रूढ केलेल्या पाठाच्या पाच पायऱ्यांत उपयोजन शेवटी येतं, आणि अध्यापक विद्यालयांत वर्षानुवर्षं शिकवलेल्या टाचणांवर त्या पायऱ्यांची छाप आहे. क्रम चुकीचा नाही. पण क्रमाने शेवटी आणि महत्त्वाने शेवटी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि घाईत त्या एक होऊन जातात.

दुसरं कारण अधिक खोल आहे. कृती थांबवली तर लगेच जाणवतं: मुलं ‘बाई, थोडंच राहिलंय’ म्हणतात, अर्धवट पट्ट्या बाकावर दिसतात. पडताळणी सोडून दिली तर त्या क्षणी कोणालाच काही जाणवत नाही. उलट ‘समजलं का’ला आलेला एकसुरी होकार ऐकून पाठ पूर्ण झाल्यासारखा वाटतो. त्या होकारातून फक्त एवढंच कळतं की मुलांनी घंटेची वेळ ओळखली आहे.

तिसरं कारण अंदाजाचं. टाचण लिहिताना शिक्षक कृतीचा वेळ स्वतःच्या हाताने मोजतो. मोठ्या माणसाला २४ सेंटिमीटरच्या पट्टीचे तीन भाग करायला अर्धं मिनिट पुरतं. दहा वर्षांच्या चार मुलांना, एकाच पट्टीवर, कोण धरणार आणि कोण घडी घालणार हे ठरवत, त्याच्या अनेकपट वेळ लागतो. आणि एका कामातून दुसऱ्यात जाण्याचा वेळ, म्हणजे बाकं फिरवणं, पट्ट्या गोळा करणं, वही काढणं, टाचणात लिहिलेलाच नसतो. या वर्गात असे चार सांधे होते आणि चारही फुकट धरले होते.

पाठ पुन्हा बांधला तो असा

तोच पाठ दोन दिवसांनी ब तुकडीत त्याच वेळेला घ्यायचा होता, पट ३४. या वेळी टाचण खालून वर लिहिलं. आधी १२:२० लिहिलं, त्यातून आठ मिनिटं वजा केली आणि १२:१२ला लाल रेघ मारली. त्या वेळी वर्ग जिथे असेल तिथे थांबायचं आणि पडताळणीसाठी पाट्या काढायच्या. मग सुरुवातीची चार मिनिटं जाणारच असं धरून ११:४४पासून मोजलं. हातात २८ मिनिटं राहिली. जे काही करायचं ते त्यात.

अठ्ठावीस मिनिटांत जुना पाठ मावत नव्हता, म्हणून भरभर उरकण्याऐवजी त्यातलं काम कमी केलं. घड्या पूर्ण काढल्या. घडी घालणं हे चांगलं काम आहे, पण या पाठाचा हेतू तुलना हा होता, आणि बारा मिनिटांतली नऊ जर पट्टी तयार करण्यात जात असतील तर मूल तुलनेपर्यंत पोहोचत नाही. त्याऐवजी चौकटीच्या कागदाच्या २४ चौकटी लांब पट्ट्या आधीच कापून ठेवल्या. आता तीन समान भाग म्हणजे आठ-आठ चौकटी आणि चार समान भाग म्हणजे सहा-सहा, हे मोजून कळतं. २/३ रंगवले की १६ चौकटी, ३/४ रंगवले की १८. यात वेळ वाचलाच, शिवाय एक गोष्ट आपोआप साधली: १६/२४ आणि १८/२४ हे समच्छेद मुलांच्या समोरच्या पट्टीवर उमटले. आधी पट्टी आणि नियम यांच्यात जी उडी होती ती राहिली नाही.

चौघांच्या गटांऐवजी बाकावरच्या जोड्या केल्या. सतरा जोड्या, बाकं फिरवायची नाहीत. प्रत्येक जोडीच्या पट्ट्या मधल्या सुट्टीतच रबर लावून बांधून ठेवल्या.

कामाचे तीन टप्पे ठरवले: पहिला २/३ आणि ३/४, दुसरा ५/६ आणि ३/४, तिसरा ५/८ आणि २/३. तिन्ही २४ चौकटींच्या पट्टीवर नीट बसतात. पहिला टप्पा सगळ्यांनी करायचा, दुसरा-तिसरा ज्यांचं आधी होईल त्यांच्यासाठी. इथे थांबण्याचा नियम बदलतो. तिन्ही टप्पे झाल्यावर थांबायचं असं ठरवलं तर सगळ्यांत सावकाश जोडी तासिकेचा वेग ठरवते. सगळ्यांचा पहिला टप्पा झाला की थांबायचं असं ठरवलं तर कोणी रिकामं बसत नाही आणि कोणासाठी अडूनही राहावं लागत नाही.

सादरीकरण सगळ्या गटांचं नाही, फक्त दोन जोड्यांचं, आणि त्या हात वर करणाऱ्यांतून निवडायच्या नाहीत. फिरताना एक बरोबर विचार करणारी आणि एक वेगळं उत्तर आलेली अशा दोन हेरून ठेवायच्या. नऊ गटांना दोन-दोन मिनिटं दिली तर अठरा मिनिटं होतात, आणि तिसऱ्या गटानंतर वर्ग तेच ऐकत असतो.

शेवटी वेळापत्रक: उजळणी ११:४८ पर्यंत, वाटप ११:५१, कृती १२:०३, चर्चा १२:०८, नियम १२:१२. आणि शेजारी हेही लिहिलं की उशीर झाला तर काय सोडायचं. हे आधी ठरवून ठेवणं फार गरजेचं, कारण ऐन वेळी ठरवायला गेलं की हात आपोआप शेवटच्या भागाकडेच जातो. सगळ्यांत आधी सुटणार नियम वहीत उतरवणं, तो फळ्यावर राहील आणि मुलं नंतर उतरवतील. त्यानंतर चर्चेतली एक जोडी. उजळणीत कोणी अडलं तर त्याच्यासाठी तिथे थांबायचं नाही, नाव टिपून कृतीच्या वेळी त्याच्या बाकाशी बसायचं.

अनेक वर्गांत भिंतीवर घड्याळ नसतं आणि शिकवण्याच्या भरात मनगटाकडे लक्ष जात नाही. म्हणून टेबलावर एक घड्याळ ठेवलं आणि पहिल्या बाकावरच्या एका मुलीला दोन वेळा सांगून ठेवल्या, १२:०३ आणि १२:१२. तिने फक्त उभं राहायचं. बोलायची गरज नाही.

पडताळणीचे दोन प्रश्न

वेळ राखला तरी प्रश्न चुकीचा असेल तर ती आठ मिनिटं वाया जातात, आणि अपूर्णांकात हे सहज घडतं. अ तुकडीचा गृहपाठ बरोबर आला होता, तो का? २/३ आणि ३/४ मध्ये ३/४चा अंशही मोठा आणि छेदही मोठा. ‘मोठे आकडे म्हणजे मोठा अपूर्णांक’ असं मानणारं मूलही बरोबर उत्तर देतं. पाठ्यपुस्तकातल्या सरावातही अशा जोड्या बऱ्याच येतात.

म्हणून दोन प्रश्न असे निवडले की चुकीच्या विचाराने आलेलं उत्तर चुकीचंच यावं. पहिला: ३/५ आणि २/३ यांत मोठा कोण? समच्छेद केले तर ९/१५ आणि १०/१५, म्हणजे २/३ मोठा. आकडे पाहून ठरवणारं मूल ३/५ लिहितं आणि सापडतं.

पण मुलं आणखी एक विचार करतात. २/३ला पूर्ण व्हायला एक तुकडा कमी, ३/५ला दोन कमी, म्हणून २/३ मोठा. उत्तर बरोबर, विचार चूक. त्याच्यासाठी दुसरा प्रश्न: १/२ आणि ३/५. अर्ध्याला एकच तुकडा कमी आणि ३/५ला दोन, म्हणून असं मूल १/२ लिहितं. ‘छेद लहान तो अपूर्णांक मोठा’ असं घोकलेलं मूलही १/२च लिहितं. खरं तर ५/१० आणि ६/१०, म्हणजे ३/५ मोठा. पहिलं उत्तर चुकलं तर एक रोग, दुसरं चुकलं तर दुसरा. पाट्या पाहतानाच निदान होतं.

पाट्या वापरायची रीतही ठरलेली हवी. पाटीवर फक्त मोठा असलेला अपूर्णांक, पाटी भरेल एवढ्या अक्षरात. आकडेमोड वहीच्या मागच्या पानावर. लिहून झालं की पाटी छातीशी उलटी धरायची आणि ‘दाखवा’ म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम वर करायची. पाट्या एकेक करून वर जाऊ लागल्या तर पुढच्या दोन पाहून मागचे दहा जण आपली पुसतात. विचार करायला दोन पूर्ण मिनिटं द्यायची, त्यात शिक्षकाने बोलायचं नाही. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांचं निरीक्षण करून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात. हे तोंडी प्रश्नांबद्दल होतं, पण पाटीच्या प्रश्नातही तीच घाई होते: ‘चला, झालं का, झालं का’ म्हणत दोन मिनिटांचं अर्धं मिनिट होतं. पाट्या नसतील तर वहीचं अर्धं पान चालतं, फक्त पेन्सिल ठळक हवी.

वाचताना रांगेने बघायचं आणि चुकलेले हजेरी क्रमांकच लिहायचे. बरोबर आलेल्यांची नोंद नको. हे आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवहीत जात नाही आणि त्याला गुण नाहीत, हे मुलांना माहीत असलं तर नक्कल करायचं कारणच उरत नाही.

ब तुकडीत काय झालं

तासिका ११:४५ला सुरू झाली, ठरल्यापेक्षा एक मिनिट उशिरा. वाटपाला दोनच मिनिटं लागली. कृती मात्र लांबली. तीन जोड्या २४चे तीन भाग करताना तीन-तीन चौकटी मोजत होत्या, त्यांच्याजवळ बसावं लागलं. मुलगी १२:०३ला उभी राहिली, पण कृती थांबली १२:०५ला. चर्चेत दोन्ही जोड्या घेतल्या, कारण दुसऱ्या जोडीचं म्हणणं होतं, ‘दोन्हीत एकच भाग कमी आहे, म्हणून सारखेच.’ हे पूर्ण वर्गाने ऐकायला हवं होतं. त्यांच्याच पट्ट्यांवर कोऱ्या उरलेल्या चौकटी मोजल्या, एकीवर आठ आणि दुसरीवर सहा. १२:१० झाले. नियम फळ्यावर दोन मिनिटांत लिहिला, वहीत कोणी उतरवला नाही. १२:१२ला पाट्या निघाल्या.

पहिल्या प्रश्नात पाच मुलं चुकली, दुसऱ्यात तेरा. चर्चेत हाच विचार खोडला गेला होता आणि तरी तेरा. दुसऱ्या दिवसाचं ठरवण्याचे आकडे आधीच लिहून ठेवले होते: सहापर्यंत चुकले तर बाकीचे स्वाध्याय करतील तेव्हा त्यांना जवळ घ्यायचं. त्याहून जास्त पण एक तृतीयांशापेक्षा कमी असतील तर पुढचा पाठ त्याच प्रश्नाने उघडायचा. एक तृतीयांशाच्या वर गेले तर पुढचा पाठ पुढे ढकलायचा. ३४ मध्ये तेरा म्हणजे तिसरी पायरी. दोन मिनिटं उरली होती, त्यात पुस्तकातली दोन गणितं गृहपाठाला दिली आणि घंटा झाली. पाट्या काढायला उशीर झाला असता आणि एकाच प्रश्नापुरता वेळ उरला असता, तर पहिला घेतला असता आणि हे तेरा जण दिसले नसते. म्हणून वेळ कमी असेल तर या पाठात दुसरा प्रश्न आधी घ्यावा. त्यात दोन वेगळे गैरसमज सापडतात, आणि मोठ्या आकड्यांना भुलणारी मुलं उद्याच्या उजळणीतही दिसतात.

या बांधणीची एक मर्यादा आहे. १२:०५ला पहिलाच टप्पा निम्म्या जोड्यांचा झालेला नसेल तर लाल रेघेला चिकटून पाट्या काढण्यात अर्थ नाही. न शिकवलेल्या गोष्टीची पडताळणी करून फक्त मुलं बावरतात. अशा दिवशी पडताळणी कृतीपुरती करावी: पट्टीवर २/३च्या किती चौकटी, एवढंच पाटीवर. तुलना दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी ब तुकडीत बेरीज सुरू झाली नाही. पहिल्या दहा मिनिटांत फळ्यावर १/२ आणि ९/१० लिहिले. दोघांनाही पूर्ण व्हायला एकच तुकडा कमी, मग सारखे का? ‘नाही बाई, तो तुकडा केवढा छोटा आहे,’ असं त्या तेरांपैकीच एक जण म्हणाला. मग दहा चौकटींच्या पट्टीवर १/२च्या पाच आणि ३/५च्या सहा चौकटी रंगवल्या. ११:५५ला पाटीवर नवा प्रश्न घेतला, १/२ आणि ४/७. चार पाट्या चुकल्या. त्यांचे हजेरी क्रमांक टाचणाच्या समासात लिहिले आणि ११:५८ला बेरजेचं पहिलं उदाहरण फळ्यावर आलं: १/२ अधिक १/३, आणि त्याखाली आकडेमोडीच्या आधीचा प्रश्न, उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं येईल की लहान?